नगावर मजुरी की प्रीमियम बोनस? जलद आणि सावकाश कामगाराचा नग कितीला पडतो

कोल्हापूर भागातल्या छोट्या मशीन शॉपची कॉस्टिंग मी बरीच वर्षं करतो आहे. मालक, सुपरवायझर आणि परिव्यय लेखांकन शिकणारी मुलं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर चालतात. आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे धरले आहेत.

उदाहरण काय आहे?

एका लेथवर स्टीलची पिन टर्न करायची आहे. एका पिनला १५ मिनिटं मंजूर आहेत, म्हणजे आठ तासांच्या पाळीत ३२ पिना. टर्नरचा दर तासाला ८० रुपये, म्हणून दिवसाची हजेरी ६४० रुपये. नगावर मजुरी द्यायची तर ६४० भागिले ३२, म्हणजे पिनेला २० रुपये.

लेथचा खर्च यापेक्षा वेगळा. वीज, घसारा, शेडचं भाडं, कर्जाचं व्याज, सुपरवायझरचा पगार, दुरुस्ती हे सगळं वाटून लेथचा मशीन अवर रेट तासाला १२० रुपये येतो. म्हणजे पाळीला ९६० रुपये. पिना २४ निघोत की ४०, लेथ आठ तास अडकला की ९६० रुपये लागलेच.

आता तीन टर्नर धरू. सावकाश हाताचा दिवसाला २४ पिना काढतो, बेताचा ३२ आणि जलद हाताचा ४०. माल तिघांना सारखाच लागतो, म्हणून तो सध्या बाजूला ठेवू.

नगावर मजुरी दिली की मजुरी सगळ्यांना सारखीच पडते ना? मग सावकाश माणसाने माझं काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. "पिनेला वीस रुपये ठरलेत, तो दिवसभर घालवो नाहीतर तासात करो, माझे वीसच जाणार." मजुरीपुरतं हे खरं आहे. पण पिनेच्या खर्चात मजुरी हा लहान भाग आहे आणि लेथ हा मोठा.

सावकाश टर्नरच्या २४ पिनांवर ९६० रुपये वाटले की पिनेला ४० रुपये मशीनखर्च बसतो. मजुरीचे २० धरून पिन पडली ६० रुपयांना. बेताच्या टर्नरकडे मशीनखर्च ३० रुपये, एकूण ५०. जलद टर्नरकडे ९६० भागिले ४०, म्हणजे २४ रुपये, आणि मजुरी धरून ४४. तिघांनाही वीसच रुपये दर दिलात, तरी पहिल्या आणि तिसऱ्या पिनेत १६ रुपयांचा फरक आहे आणि तो सगळा लेथच्या तासांचा आहे.

आणि माणसाच्या बाजूनेही बघायला हवं. सावकाश टर्नर संध्याकाळी ४८० रुपये घेऊन घरी जातो, जलद टर्नर ८००. निव्वळ नगावर मजुरी असली की संथपणाचा काही भार कामगाराच्या खिशावर जातो आणि उरलेला मोठा भार मालकाच्या लेथवर. मालकाला स्वतःचा वाटा दिसत नाही, कारण तो मजुरीच्या रजिस्टरमध्ये कुठेच लिहिलेला नसतो.

प्रीमियम बोनस म्हणजे नेमकं काय? दिवाळीचा बोनस हाच का?

नाही. दिवाळीला मिळतो तो कायद्याने ठरलेला वार्षिक बोनस, किमान ८.३३ टक्के. प्रीमियम बोनस रोजच्या कामात वाचवलेल्या वेळेवर मिळतो आणि हजेरीवर वर चढतो. हजेरी मात्र पक्की राहते, काम कमी झालं तरी ती कापत नाहीत.

याच्या दोन पद्धती जास्त चालतात. एफ. ए. हॅल्सी या अमेरिकन इंजिनिअरने १८९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वाचलेल्या वेळेच्या मजुरीतला ठराविक हिस्सा कामगाराला मिळतो. तो हिस्सा साधारणपणे निम्मा धरतात, मीही निम्माच धरला आहे. ग्लासगोच्या जेम्स रोवनने १८९८ मध्ये आणलेल्या पद्धतीत वाचलेला वेळ मंजूर वेळेच्या जितका टक्के, तितके टक्के हजेरी वाढते.

जलद टर्नरचा हिशेब करून बघा. ४० पिनांना मंजूर वेळ १० तास, लागले ८, वाचले २. हॅल्सीप्रमाणे २ तासांची मजुरी १६०, तिचा निम्मा ८० रुपये बोनस, म्हणजे हातात ७२०. रोवनप्रमाणे १० तासांतले २ तास वाचले, म्हणजे २० टक्के. ६४० चे २० टक्के १२८, म्हणजे हातात ७६८.

इथे एक चूक परीक्षेच्या पेपरातही आणि शॉपमध्येही होते. वाचलेले २ तास मंजूर १० तासांनी भागायचे, लागलेल्या ८ तासांनी नाही. ८ ने भागलं तर बोनस १६० येतो, म्हणजे हातात ८००. हे तर नगावर मिळतात तेवढेच झाले, मग रोवन पद्धत राहिली कुठे? उत्तर नगाच्या मजुरीएवढं येतंय असं दिसलं की इथली भागाकाराची चूक तपासायची.

मग तिन्ही पद्धतींत पिन कितीला पडते?

मजुरी आणि मशीनखर्च मिळून, रुपयांत:

| टर्नर | नगावर | हॅल्सी | रोवन |
|---|---|---|---|
| सावकाश (२४ पिना) | ६०.०० | ६६.६७ | ६६.६७ |
| बेताचा (३२ पिना) | ५०.०० | ५०.०० | ५०.०० |
| जलद (४० पिना) | ४४.०० | ४२.०० | ४३.२० |

मधली ओळ सगळीकडे सारखी आहे, कारण दर ३२ पिनांवरच बांधला आहे. खरी गोष्ट वरच्या आणि खालच्या ओळीत आहे. जलद माणूस बोनसवर ठेवला की नगाच्या मानाने पिनेला रुपया-दोन रुपये वाचतात, कारण वाचलेल्या वेळेची मजुरी आता दोघांत वाटली जाते. सावकाश माणूस मात्र बोनस पद्धतीत पावणेसात रुपयांनी महाग पडतो, कारण त्याची ६४० ची हजेरी २४ पिनांवरच वाटायची असते.

म्हणजे "कोणती पद्धत स्वस्त?" या प्रश्नाला तुमच्या शॉपमध्ये कोण किती आहेत हे बघितल्याशिवाय उत्तर नाही. एक सावकाश आणि एक जलद असे दोन टर्नर धरा. दोघांच्या मिळून ६४ पिना. नगावर मजुरी १२८०, हॅल्सीप्रमाणे १३६०, रोवनप्रमाणे १४०८. मशीनखर्च तिन्हींत सारखाच १९२०. हॅल्सीवर दिवसाला ८० रुपये जास्त गेले आणि ते सावकाश माणसाच्या पक्क्या हजेरीतून गेले. बोनस "परवडत नाही" म्हणून जलद माणसाचा बोनस कमी करणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांनी चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

सावकाश माणसाच्या हजेरीतून त्याने जास्त घेतलेला वेळ कापता येतो का?

प्रीमियम पद्धतीत नाही. वाचलेला वेळ उणे आला की बोनस शून्य धरायचा, वजाबाकी करायची नाही. तक्ता एक्सेलमध्ये केला असेल तर हे सूत्र मुद्दाम तपासा, नाहीतर संथ दिवशी आपोआप पैसे कापले जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हॅल्सीसाठी असं लिहा (B2 मध्ये मंजूर तास, C2 मध्ये लागलेले तास, D2 मध्ये तासाचा दर):

```
=C2*D2+MAX(0,B2-C2)*D2*0.5
```

नगावर मजुरी असली तरी कायद्याची एक पायरी आहेच. तुमच्या कामासाठी तासावर किंवा दिवसावर किमान वेतन ठरलेलं असेल आणि नगाचा वेगळा दर ठरलेला नसेल, तर नगावरच्या माणसालाही त्यापेक्षा कमी देता येत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. समजा पाळीचं किमान वेतन ५६० रुपये आहे. मग सावकाश टर्नरला ४८० देऊन चालणार नाही, ५६० द्यावे लागतील आणि त्याची पिन ६० ऐवजी ६३.३३ रुपयांना पडेल. नगाच्या मजुरीचा हिशेब करताना हीच रक्कम धरायची. ४८० चा आकडा पुस्तकापुरता.

टेलरची दुहेरी दराची पद्धत?

त्यात ठरल्यापेक्षा कमी काम करणाऱ्याला नगाचा दरच कमी आणि पुरं करणाऱ्याला जास्त. पुस्तकात ८० आणि १२० टक्के धरतात. आमच्या सावकाश टर्नरला पिनेला १६ म्हणजे दिवसाला ३८४ रुपये मिळतील. किमान वेतनाने ते चालणार नाही, आणि माणुसकीनेही नाही.

हॅल्सी आणि रोवन यांत कोणती निवडावी?

बहुतेक जण दोन बोनसच्या रकमा शेजारी मांडून थांबतात. मी एक जास्तीची पिन काढली की माणसाला किती मिळतं ते बघतो, कारण मशीनपाशी उभा माणूस तेच बघतो.

हॅल्सीत ३२ नंतरच्या प्रत्येक पिनेला सरळ १० रुपये. टर्नर हा हिशेब मनातल्या मनात करतो: चार पिना जास्त, एक तास वाचला, चाळीस रुपये. रोवनमध्ये तेहतिसाव्या पिनेला १९ रुपयांच्या वर मिळतात, चाळिसाव्या पिनेला साधारण १३, आणि सेहेचाळिसाव्या पिनेपासून तर १० च्याही खाली. दिवसाला ६४ पिना निघाल्या, म्हणजे मंजूर वेळेतला निम्मा वाचला, की दोन्हींचा बोनस सारखा ३२० होतो. त्यापुढे हॅल्सी जास्त देते. रोवनमध्ये कमाई हजेरीच्या दुपटीला कधीच पोचत नाही.

यातून निवड अशी करावी. तुमची माणसं तीस-बत्तीसवर असतील आणि त्यांना छत्तीसवर आणायचं असेल, तर रोवन जास्त जोर लावते. छत्तीसला रोवनचा बोनस ७१ रुपये, हॅल्सीचा ४०. एखाद्या तयार हाताच्या टर्नरकडून पन्नासच्या पुढे काढून घ्यायच्या असतील तर रोवन त्याचा हात आखडते. मंजूर वेळ अंदाजाने ठरवला असेल आणि तो सैल निघेल अशी भीती असेल, तेव्हाही रोवन मालकाला सांभाळते. एवढं मात्र खरं की रोवनची स्लिप कामगाराला स्वतःची स्वतः पडताळता येत नाही, आणि जी रक्कम पडताळता येत नाही तिच्यावर माणूस विश्वास ठेवत नाही. म्हणून बहुतेक छोट्या शॉपना मी हॅल्सीच सांगतो.

बोनस पद्धतीत सावकाश माणूस सुधारत का नाही?

कारण २४ ते ३२ या टप्प्यात त्याला काहीच जास्त मिळत नाही. २४ काढल्या तरी ६४०, ३१ काढल्या तरी ६४०. नगावर असता तर या सात पिनांचे १४० रुपये झाले असते. मालकाला मात्र याच टप्प्यात सगळ्यात जास्त फायदा असतो. २४ वरून ३२ वर आला की पिन ६६.६७ वरून ५० वर येते, म्हणजे साडेसोळा रुपयांची बचत. ३२ वरून ४० वर गेल्यावर हॅल्सीत आठच रुपये वाचतात. जिथे वाचवण्यासारखं सगळ्यात जास्त आहे तिथेच ही पद्धत गप्प बसते. म्हणून या टप्प्यात पैशाचं आमिष शोधण्यापेक्षा तो सावकाश का आहे हे शोधावं.

तो सावकाश का आहे हे कसं ओळखायचं?

माणूस सावकाश आहे की लेथ, हे आधी बघा. दोन टर्नरची मशीनं आठवडाभर अदलाबदल करा. सावकाश टर्नर नव्या लेथवर तिसापर्यंत गेला आणि जलद टर्नर जुन्या लेथवर अठ्ठाविसावर आला, तर दोष माणसात नाही.

दुसरं म्हणजे सेटिंग. मंजूर १५ मिनिटांत फक्त टर्निंग धरलं आहे का? चक बदलणं, टूल लावणं, पहिला नग मोजून पास करणं याला ४० मिनिटं जात असतील आणि ती वेगळी मंजूर नसतील, तर ज्याला दहा-दहा पिनांच्या छोट्या लॉट मिळतात तो कागदावर सावकाशच दिसणार. सुपरवायझर अवघड आणि छोट्या लॉट नेहमी जाणत्या माणसाकडे देतो. त्यामुळे शॉपमधला सगळ्यात हुशार टर्नर बोनसच्या यादीत तळाला, असं चित्र मी दोनदा पाहिलं आहे. उपाय सोपा आहे: मंजूर वेळेचे दोन भाग करा, लॉटमागे सेटिंग आणि नगामागे टर्निंग.

आमच्या कॉस्ट शीटमध्ये सगळ्यांचा नग सारख्याच किमतीचा दिसतो. असं का?

कारण तुम्ही मशीनखर्च मजुरीच्या टक्केवारीने लावता. ६४० मजुरीला ९६० मशीनखर्च, म्हणजे १५० टक्के. नगावर मजुरी २० असली की सावकाश टर्नरच्या पिनेवरही ३० रुपये लागतात आणि जलद टर्नरच्या पिनेवरही ३०. सगळ्यांची पिन ५० रुपयांना. खऱ्या ६० आणि ४४ या दोन्ही गोष्टी शीटमधून पुसल्या गेल्या. हॅल्सीत तर जलद टर्नरला बोनस दिला म्हणून त्याच्या पिनेवर मशीनखर्चही वाढतो आणि ४२ ची पिन ४५ ची दिसते. जणू बोनस दिल्याने लेथने जास्त वीज खाल्ली. जिथे मशीनवर काम चालतं तिथे मशीनखर्च तासांवरच लावावा. एवढी एक दुरुस्ती केल्याशिवाय पद्धतींची तुलना करूच नये.

जलद माणूस नेहमीच स्वस्त पडतो का?

नाही. दोन ठिकाणी हिशेब उलटतो.

पहिलं, रिजेक्शन. जलद टर्नरच्या ४० पैकी ३ पिना मापात बसल्या नाहीत. पिनेचा माल ९० रुपयांचा आणि भंगाराचे १५ आले, म्हणजे पिनेमागे ७५ आणि तिन्हींचं नुकसान २२५. मजुरी ३७ चांगल्या पिनांचीच दिली तरी नगावर ७४०, मशीनखर्च ९६०, नुकसान २२५, मिळून १९२५. भागिले ३७, पिन पडली ५२ रुपयांना. एकही पिन न बिघडवणारा बेताचा टर्नर ५० ला देत होता. हॅल्सीतही हा आकडा ५०.६८ येतो. चाळीसमागे तीन नग गेले की वेगाची सगळी कमाई भंगाराच्या पेटीत जाते.

दुसरं, पुढचं काम. टर्निंगनंतर ग्राइंडिंग असेल आणि ग्राइंडर दिवसाला ३२ च पिना घेत असेल, तर जास्तीच्या आठ पिना ट्रेमध्ये पडून राहतात. कागदावर पिन ४४ ची झाली, पण पाळीचे ९६० रुपये गेलेच आणि विक्रीला ३२ च पिना निघाल्या. अशा ठिकाणी लेथवर बोनस लावू नये. ग्राइंडरवर लावावा.

बोनस सुरू केल्यावर काम वाढलं, आणि मग एका आकड्यावर अडकलं. काय झालं असेल?

बहुधा दर कापला जाण्याची भीती. मी पूर्वी एका शॉपची कॉस्टिंग बघत होतो. तिथल्या एका जुन्या टर्नरची जॉब कार्डं पुढे आली. पेन्सिलीने लिहिलेलं: ३६, ३६, ३६, ३६, सलग तीन आठवडे. खरं काम असं नसतं. कधी इन्सर्ट तुटतो, कधी बार वाकडा येतो, आकडा दोन-चारने हलतोच. मी त्यांना विचारलं, "काका, रोज बरोबर छत्तीसच कशा?" त्यांनी मशीनखालचा डबा ओढून दाखवला. कापडात गुंडाळलेल्या, तेल लावलेल्या अकरा पिना. जास्त झालेल्या पिना ते तिथे ठेवायचे आणि कमी पडलेल्या दिवशी काढायचे. म्हणाले, "चाळीस दाखवल्या की पुढच्या महिन्यात तुम्ही पंधराची बारा मिनिटं करणार. मागं झालंय." झालं होतं खरंच, आणि तो नवा वेळ मीच टाइप करून नोटीस बोर्डावर लावला होता. त्याची मला आजही खंत आहे.

गंमत अशी की हॅल्सीची योजना निघाली ती याच रोगावर. नगावर मजुरी असली की कमाई वाढताच मालक दर कापायचे आणि कामगार हात आखडायचे. बचत आधीच वाटून घेतली तर दर कापायची गरजच पडू नये, हा त्यामागचा विचार होता. म्हणून मंजूर वेळ बदलायचा नियम आधीच लिहून ठेवा: मशीन, टूल, माल किंवा कामाची पद्धत बदलली तरच वेळ बदलेल, माणूस जास्त कमावतो म्हणून नाही. आणि जॉब कार्डावर एकच आकडा आठवडाभर दिसला, तर आधी आपण मागे काय केलं होतं ते आठवा, मग डबा उघडा.

स्लिपवर काय लिहावं?

मंजूर तास, लागलेले तास, वाचलेले तास, पास झालेले नग, हजेरी आणि बोनस, प्रत्येक लॉटची वेगळी ओळ. मशीन बंद पडली, वीज गेली किंवा माल आला नाही म्हणून गेलेला वेळ लागलेल्या तासांत धरू नये. त्याची वेगळी ओळ करून सुपरवायझरने त्याच दिवशी सही करावी. तो वेळ टर्नरच्या खात्यात पडला तर दोन तास वीज गेलेल्या दिवशी जलद माणसाच्याही फक्त ३० पिना होतात. मंजूर वेळ साडेसात तास, कागदावर लागलेला आठ, बोनस शून्य. खरं तर त्याने सहाच तासांत त्या काढलेल्या असतात आणि दीड तास वाचवलेला असतो. त्याचे ६० रुपये बोनस त्याला मिळालेच पाहिजेत.